सापडलेले दोन हजार मेसेज

गुरुवारी दुपारी पंकजनं बायकोचा, प्रणालीचा, फोन हिसकावला, तिचाच अंगठा दाबून तो उघडला आणि तिच्यासमोर उभं राहून दोघांमधलं दोन वर्षांचं व्हॉट्सअॅप पुसून टाकलं. त्यानं घाई केली नाही. आधी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिलं, दोन-चार ठिकाणी हसला, मग पुसलं. फोन तिच्या पिशवीत टाकला आणि पिशवी दाराबाहेर ठेवली.

"जा आता. ज्याले दाखवायचं त्याले दाखव."

त्यांची पाच वर्षांची लेक उर्वशी तेव्हा आजीसोबत वरच्या खोलीत होती. प्रणालीला वर जाऊ दिलं नाही. सासऱ्यांचं पांढुर्ण्यात खतं-बियाण्यांचं दुकान, गल्लीत मान. शेजारच्या बायका खिडकीतून पाहत राहिल्या, पण त्या मानापुढं खाली कोणी उतरलं नाही. प्रणाली पिशवी घेऊन बसस्टँडवर आली आणि संध्याकाळी रामाकोन्याला माहेरी पोचली.

तिचे बाबा नत्थूजी बगीच्यातून नुकतेच आले होते. संत्र्यांची तोड चालू होती. मुलगी एकटी आलेली पाहून ते ओसरीवरच थांबले.

"लेकरू कुठी आहे?"

"ठेवून घेतलं," एवढंच प्रणाली म्हणाली.

तिची माय, देवकाबाई, काही न विचारता पाणी घेऊन आली. दोन वर्षांपासून मायलेकीत या विषयावर पुष्कळ बोलणं झालं होतं. पंकज काय लिहितो ते प्रणालीनं मायला वाचून दाखवलं होतं. 'पोरगी माझी हाय, तुले दिसू देनार नाही.' 'बापाकडून पैसे आन नाहीतर थोबाड फोडीन.' माय म्हणायची, राहू दे फोनमध्ये, कामी पडेल. राहू दिलं होतं. दुसरीकडे कुठं ठेवावं, कुणाला पाठवून ठेवावं, हे दोघींनाही सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नत्थूजी तिला सौंसरला वकिलाकडे घेऊन गेले. प्रतिभा वकीलबाई पन्नाशीच्या होत्या आणि कोर्टात घाईनं चालायच्या. त्यांनी चालता चालता ऐकलं आणि जिन्यापाशी थांबल्या.

"धमक्यांचे मेसेज आहेत म्हणता, ते द्या मला. मुलीच्या ताब्यासाठी अर्ज टाकू, त्याला ते जोडू."

"त्यांनी पुसले, मॅडम."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला नाही, पण चेहरा तसाच झाला. "अर्जाला तारीख सतरा दिवसांनंतरची मिळेल. तोवर काही मिळते का पहा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. कुठून मिळते, कसं मिळते, हे त्यांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये प्रणालीनं फोनवर शोधलं. पुसलेले मेसेज परत कसे आणायचे. पहिलाच व्हिडिओ एका माणसाचा होता, चष्म्यातला, गोड बोलणारा. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं की माझी चॅट परत आली, सर देवमाणूस आहेत. नंतर, पुष्कळ नंतर, तिनं ते पुन्हा वाचलं तेव्हा तिला दिसलं की पंधरा-वीस जणांचं वाक्य अक्षरशः एकच होतं, चूकसुद्धा तीच. त्या दिवशी तिनं फक्त नंबर पाहिला.

फोन उचलणारा हिंदीत बोलला. त्यानं स्वतःचं नाव विशाल सांगितलं. आवाज थकलेल्या डॉक्टरसारखा, धीर देणारा.

"दीदी, घबराइए मत. कुछ भी डिलीट नहीं होता. सब सर्वर पे रहता है. बस निकालने वाला चाहिए."

मग त्यानं विचारायला सुरुवात केली. कोणाचे मेसेज, कशाबद्दल, काय काय लिहायचा, मुलगी केवढी. प्रणाली सांगत गेली. बसमध्ये शेजारी माणसं होती, म्हणून ती हळू बोलत होती. एकाच ठिकाणी ती खोटं बोलली. कुठं राहता, असं त्यानं विचारलं तेव्हा ओळखीचं कुणी ऐकेल या लाजेनं तिच्या तोंडून निघालं, "सौंसरला. सौंसरच्या घरातून काढलं मला."

त्यानं एक लिंक पाठवली. ते अॅप प्ले स्टोअरवर नव्हतं. फोननं दोनदा लाल अक्षरांत विचारलं की हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे, टाकायचं का. विशाल म्हणाला, कंपनीला असली अॅप आवडत नाहीत, म्हणून अडवते. तिनं हो केलं. मग अॅपनं परवानग्या मागितल्या. फोटो आणि फायली पाहायची, सगळे नंबर पाहायची, कॅमेरा वापरायची. तिनं सगळ्याला हो केलं.

निळी पट्टी भरत गेली आणि आकडा आला. दोन हजार एकशे त्रेचाळीस मेसेज सापडले. खाली ओळी दिसत होत्या, पण धुरकट, जसं ओल्या काचेतून पाहावं. फक्त वर पंकजचं नाव स्वच्छ होतं.

प्रणालीला बसमध्येच रडू आलं. पंकजचं नाव त्या अॅपला तिच्याच नंबरांच्या यादीतून मिळालं होतं, हे तिला कळायला अकरा दिवस लागले.

ओळी स्पष्ट व्हायला पाच हजार लागत होते. ते एका बाईच्या नावावर पाठवायचे होते, कंपनीच्या नाही. प्रणालीनं लग्नाआधी मोहगावच्या शाळेत शिकवून ठेवलेल्यातले पाठवले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडायचे साडेतीन हजार मागितले. मग सांगितलं, आता आठ-दहा दिवस लागतात, मोठं काम आहे.

"इस बीच फोन में कुछ मत छेड़ना. अॅप मत हटाना, व्हॉट्सअॅप मत हटाना. नेट चालू रखना, चार्जिंग पे लगा के रखना. और किसी को बताना मत, दीदी. पुलिस वाले को तो बिलकुल नहीं. एक बार उन्होंने छुआ तो डेटा गया समझो."

ती तसंच वागली. फोन देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला चार्जिंगला लटकवून ठेवला. दर दोन तासांनी पट्टी पाहायची. बावीस टक्के. एकतीस टक्के. सौंसरला कॉम्प्युटर क्लास चालवणारी तिची शाळेतली मैत्रीण गायत्री भेटायला आली, पण प्रणालीनं तिलाही काही सांगितलं नाही.

"काय पाहून राहिली घडीघडी?" गायत्रीनं विचारलं.

"काही नाही. उर्वशीचा फोन येते का पाहून राहिली."

उर्वशीचा फोन आला नाही. तिकडे केलेला कोणी उचलला नाही. देवकाबाई भाजी निवडता निवडता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "तिले दूध कोन देत असन वो?"

दहाव्या दिवशी, पुढच्या रविवारी, फाइल आली. नऊ पानं. वर पंकजचं नाव, नंबर, तारखा, वेळा, निळ्या खुणा. नत्थूजींनी चष्मा लावला आणि मुलीनं मोठ्यानं वाचलं. धमक्या होत्या. पैशांच्या, मारण्याच्या, मुलगी न दाखवण्याच्या. जे हवं होतं ते सगळं होतं, किंबहुना थोडं जास्तच नेमकं होतं. नत्थूजी मांडीवर हात आपटून उठले.

"झालं! आता पाह्यतो मी त्याले. उद्याच वकीलबाईले देऊन येतो."

प्रणाली पुन्हा पहिल्या पानावर गेली. वाचताना काहीतरी टोचत होतं. पंकज असा लिहीत नव्हता. तो अर्धं हिंदीत लिहायचा, अर्धं आपल्या बोलीत, इंग्रजी अक्षरांत, आणि शिवी पूर्ण लिहायचा कंटाळा करायचा. इथं तो पुस्तकातल्यासारखा बोलत होता. 'मी तुला जिवंत सोडणार नाही.' 'तुझ्या वडिलांना परिणाम भोगावे लागतील.' पंकजच्या तोंडी परिणाम हा शब्द तिनं सात वर्षांत ऐकला नव्हता. उर्वशीला तो परी म्हणायचा, फार चिडला तर पोरगी. इथं नऊ पानांत ती फक्त 'मुलगी' होती.

सहाव्या पानावर ती थांबली.

'सौंसरच्या घरात पुन्हा पाऊल ठेवलंस तर तंगडं तोडीन.'

सौंसरला त्यांचं घर नव्हतं. कधीच नव्हतं. ते खोटं तिचं होतं, बसमध्ये लाजेपोटी बोललेलं, आणि पृथ्वीवर ते फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

"काय झालं?" नत्थूजींनी विचारलं.

"बाबा, हे त्यांनी लिहिलेलं नाही. हे मी त्या माणसाले जे सांगतलं तेच त्यानं मले परत दिलं."

नत्थूजींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते ओसरीच्या खांबाला टेकले. मग जे म्हणाले ते प्रणालीला अपेक्षित नव्हतं.

"पण खोटं काय आहे त्यात? असंच तं बोलते तो. तुले मारलं नाही का त्यानं? पोरगी ठेवली नाही का? एक ओळ चुकली, तेवढी काढून टाकू."

"बाबा, त्यांच्या फोनमध्ये खरं असन. त्यांनी कोर्टात उघडून दाखवलं तं मीच खोटी पडते. मंग माझं खरं कोन ऐकणार?"

"मंग लेकरू कसं आणशील? सांग नं मले, कसं आणशील?"

त्यांचा आवाज फुटला. प्रणालीनं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. ती उठली, अंगणात गेली आणि विशालला फोन लावला. तिनं फक्त एवढंच विचारलं की सौंसरच्या घराची ओळ कुठून आली.

तो जराही दचकला नाही. "दीदी, रिकवरी में कभी-कभी शब्द इधर-उधर हो जाते हैं. आप बताइए ना, वहाँ क्या चाहिए? मैं ठीक करके भेज देता हूँ. और कुछ डलवाना हो तो वो भी बता दीजिए."

कापसाच्या गाठोड्यावर बसून ती ऐकत होती. मारहाणीपेक्षा हे वेगळं होतं. पंकजनं निदान तिचं जे होतं ते पुसलं होतं. हा माणूस तिच्या दुःखात काय घालायचं याची ऑर्डर घेत होता.

"और एक काम," तो म्हणाला. "अभी आपके फोन पे छह अंक का कोड आएगा. वो बोल दीजिए, कोर्ट वाला सर्टिफिकेट उसी से बनेगा."

कोड आला. त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलं होतं की हा कोड कुणालाही सांगू नका. तिनं कॉल तोडला, आणि त्यानंतर फोन अकरा वेळा वाजला.

सोमवारी तिनं गायत्रीला सगळं सांगितलं. गायत्री रागावली नाही. तिनं आधी फोनचं नेट बंद करायला लावलं आणि दुसऱ्याच फोनवरून सायबर फसवणुकीच्या मदतीचा एकोणीसशे तीस नंबर लावून तक्रार नोंदवली. बँकेला कळवून खातं थांबवलं. मंगळवारी दोघी पांढुर्ण्याला सायबर सेलमध्ये गेल्या. तिथं सरला मॅडम नावाच्या सब इन्स्पेक्टर होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, ते अॅप पाहिलं, त्याचा फोटो काढला, मग काढून टाकलं.

"हे काहीच शोधत नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी भरते, आकडा दाखवते, बस. माझ्या फोनवर टाकलं तरी दोन-अडीच हजार मेसेज दाखवील. पण कोड सांगतला नाही हे बरं केलं. सांगतला असता तर तुझं व्हॉट्सअॅप आज त्याच्या हातात राहिलं असतं, आणि तुझ्या नावानं साऱ्या ओळखीच्यांना पैसे मागितले असते."

"तो म्हणे सर्वरवर राहते सगळं."

"नाही राहत, बेटा. मेसेज एकदा पोचला की कंपनीकडे राहत नाही. आणि वाटेत कुलूपबंद असते, त्यांनाही वाचता येत नाही. मग हा कोण आला वाचणारा? मेसेज तीनच ठिकाणी असू शकतात. तुझ्या फोनमध्ये, समोरच्याच्या फोनमध्ये, नाहीतर बॅकअपमध्ये. चौथी जागा सांगणारा लुटारू समजायचा." मग त्यांनी विचारलं, "तुझा बॅकअप चालू होता का?"

प्रणालीला माहीत नव्हतं. सरला मॅडमनी सेटिंग उघडली. चालू होता. दर आठवड्याला, गुगलच्या खात्यावर. कधीतरी फोन घेताना दुकानदारानं करून दिला असेल.

मॅडमनी बॅकअपची तारीख पाहिली. मग फोनच्या आतल्या फायली पाहिल्या आणि फोन टेबलावर ठेवला.

"गुरुवारी पुसलं म्हणते ना? त्याच्या आधीच्या रविवारचा बॅकअप तेव्हा होता. शुक्रवारी, शनिवारी आली असती तर व्हॉट्सअॅप काढून पुन्हा टाकलं असतं. तोच नंबर, तेच खातं. 'जुनं परत आणायचं का' विचारते, हो म्हणायचं. दहा मिनिटांत आलं असतं. फुकट."

"मग आता?"

"रविवारी नवीन बॅकअप झाला. तो जुन्याच्या जागी बसते. त्याच्यात ते मेसेज नाहीत. फोन स्वतःही रोज एक नक्कल ठेवते, पण साधारण सात दिवसांच्याच. आज बारावा दिवस आहे."

प्रणालीला आठवलं. नेट चालू ठेवा, चार्जिंगला लावा, कुणाला सांगू नका. खुंटीला लटकलेल्या फोनकडे ती दर दोन तासांनी पाहत होती, आणि त्याच फोननं तिच्या डोळ्यांसमोर खरी चॅट कायमची झाकून टाकली होती. गायत्रीनं तिचा हात धरला. ती रडली नाही. तिला एकदम खूप झोप आल्यासारखं झालं.

"समोरच्याचा फोन आहे अजून," सरला मॅडम म्हणाल्या. "त्याच्याकडे राहू शकते. वकिलांना सांग, कोर्टाला अर्ज करा, फोन हजर करायला लावा. पण लवकर."

तिथून त्या तशाच सौंसरला गेल्या. नत्थूजींनी ऐकलं नव्हतं. रविवारीच आपल्या फोनवर घेतलेली ती नऊ पानं त्यांनी सकाळी छापून वकीलबाईंच्या मुन्शीकडे देऊन टाकली होती. ती फाइलला लागली होती, अजून कोर्टात गेली नव्हती. प्रणालीनं वकीलबाईंच्या टेबलापुढं उभं राहून सगळं सांगितलं, आपण मूर्ख ठरलो हेही.

प्रतिभा वकीलबाईंनी पानं हातात घेऊन चाळली.

"हे चांगलं आहे हो," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "खरं असतं तर पहिल्याच तारखेला काम झालं असतं."

"खरं नाही, मॅडम. काढा ते."

त्यांनी तिच्याकडे थोडं वेगळ्या नजरेनं पाहिलं, पानं काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जाळू नका. त्या माणसाच्या तक्रारीला हे पुरावा आहे. सायबर सेलला द्या." पंकजचा फोन मागवायचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी लिहिला.

तारखेला पंकज इस्त्रीचा सदरा घालून आला. फोनबद्दल विचारलं तेव्हा त्याच्या वकिलानं पावती दाखवली. जुना फोन दहा दिवसांपूर्वी नागपूरच्या दुकानात बदलून नवा घेतला होता. पावतीवरची तारीख प्रणालीनं दुरून वाचली. त्या दिवशी तिच्या खुंटीवर पट्टी चौसष्ट टक्के होती. ती पहिल्या शनिवारीच सायबर सेलला गेली असती तर तो फोन तेव्हा पंकजच्या खिशातच सापडला असता.

वकीलबाईंनी मायलेकींच्या जबानीवर जोर दिला. गल्लीतल्या बायकांपैकी कोणी आलं नाही. कोर्टानं निकाल दिला नाही, पुढची तारीख दिली. तोवर मुलगी बापाकडे राहील आणि आईनं दर रविवारी दोन तास भेटावं. दोन्ही पक्षांना चालेल अशी जागा म्हणून जामसांवलीचं मंदिर ठरलं.

गेलेल्या पैशांपैकी काही परत आलं नाही. ज्या बाईच्या नावावर ते गेले ती दुसऱ्या राज्यातली निघाली, तिलाच माहीत नव्हतं की तिच्या नावानं खातं आहे. प्रणालीनं त्या व्हिडिओखाली मराठीत आणि हिंदीत लिहिलं की हे फसवं आहे, पुसलेली चॅट फक्त बॅकअपमधून येते, वेळ घालवू नका. दुपारपर्यंत कुणीतरी ते पुसलं. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. मग गायत्रीनं आपल्या क्लासच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, तेवढं राहिलं.

पंकज आता काही लिहीत नाही. त्याला कळलं आहे की आलेला प्रत्येक शब्द ती तिथल्या तिथं फोटो काढून वकीलबाईंना पाठवते. जे बोलायचं ते तो तोंडानं बोलतो, जवळ कुणी नसताना.

पहिल्या रविवारी मंदिरात गर्दी होती. नत्थूजी बाहेर नारळाच्या दुकानापाशी थांबले, त्यांना पंकजचं तोंड पाहायचं नव्हतं. उर्वशी नवे बूट घालून आली होती. ती आईजवळ आली, पण मांडीवर बसली नाही. बाजूला बसून बुटाची पट्टी उघडझाप करत राहिली.

"तू फोन कायले उचलत नाही?" तिनं विचारलं.

"कधी केला होता, बेटा?"

"पप्पांनी लावला होता. तू उचललाच नाही म्हणे."

प्रणालीनं मागं पाहिलं. पंकज खांबाला टेकून नवा फोन पाहत होता. फोन लावलाच नव्हता, हे पाच वर्षांच्या लेकराला कसं पटवायचं, आणि पटवावं का, तिला कळेना. तिनं पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं.

"आता उचलीन," ती म्हणाली.

उर्वशीनं एक फाक घेतली, बी काढून आईच्या तळहातावर ठेवली, दुसरी फाक घेतली. दोन तासांपैकी पाऊण तास उरला होता.